फॉर्म १६ चा फोटो आणि २७,०४० चा रिफंड

*ताई, मी रत्नागिरीत मासळी प्रोसेसिंगच्या कंपनीत सुपरवायझर आहे. ऑफिसातल्या काकांनी फॉर्म १६ चे तीन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, पीडीएफ मागितली तर म्हणतात गणपती होऊन जाऊदेत. फोटोत पगाराचे तीन-चार आकडे आहेत, रिटर्न भरायच्या इन्कम टॅक्सच्या साइटवरचे रकाने वेगळेच. मी अंदाजाने भरलं तर कापलेला सगळा टॅक्स, २७,०४० रुपये, रिफंड दाखवतंय. अजून सबमिट केलं नाही. एफडीचं व्याज ४,२०० आहे ते फॉर्म १६ मध्ये नाहीच. फोटो, पगाराच्या स्लिप आणि स्क्रीनशॉट सोबत आहेत. कुठला आकडा कुठे टाकू? राहायला कंपनीची खोली आहे, थोडंसं भाडं पगारातनं कापतात.*
*एक वाचक, मिऱ्या, गणपतीआधी, २०२५*

सबमिट केलं नाहीत ते बरं केलंत, आता करूही नका. हा रिफंड तुमचा नाहीये.

तुमचे फोटो आणि स्क्रीनशॉट मोठे करून बघितले आणि घोटाळा पहिल्याच रकान्यात सापडला. साइटवर जिथे Salary as per section 17(1) लिहिलंय तिथे तुम्ही ७,६०,००० टाकलेत. हा आकडा फॉर्म १६ च्या पार्ट बी मधल्या सहाव्या ओळीचा आहे, आणि सहावी ओळ म्हणजे वजावट होऊन तळाला उरलेला पगार, त्यातनं ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन ऑफिसने आधीच काढलंय. साइटला ते कसं कळणार, तिला वाटतं तुम्ही पूर्ण पगार सांगताय, म्हणून तिने तिच्या हिशोबाने परत ७५,००० वजा केले आणि उरले ६,८५,०००. आणि २०२४-२५ सालासाठी नव्या रिजीममध्ये उत्पन्न ७ लाखांच्या आत असलं की 87A च्या रिबेटने टॅक्स शून्य होतो. म्हणजे एकाच रकान्यातल्या एका चुकीने तुम्ही ७ लाखांच्या रेषेवरून खाली घसरलात आणि सगळा टीडीएस परत येतोय असं दिसायला लागलं.

नव्या रिजीममध्ये, नोकरी तीच, मध्ये काही बदललं नाही आणि तरी कापलेला टॅक्स पै न पै परत येतोय असं दिसलं की आधी 17(1) चा रकाना बघायचा. दहातल्या आठ जणांचं इथेच चुकतं असं मी म्हणेन, अर्थात हे माझ्याकडे येणाऱ्या पत्रांवरून, कुणी मोजलेलं नाही.

आता फोटोकडे येऊ, कारण तुमचा अर्धा त्रास फोटोचाच आहे. काकांनी कागद टेबलावर ठेवून वरनं तिरका फोटो काढलाय आणि व्हॉट्सअ‍ॅपने तो अजून दाबून बारीक केलाय. फॉर्म १६ च्या पार्ट बी मध्ये आकड्यांना दोन उभ्या पट्ट्या असतात, आतल्या पट्टीत सुटे आकडे आणि बाहेरच्या पट्टीत बेरीज. फोटो तिरका असला की डावीकडची ओळ आणि उजवीकडचा आकडा समोरासमोर राहत नाहीत, नजर एक ओळ खाली जाते. तुमच्या दुसऱ्या फोटोत २१,६०० हा आकडा 1(c) च्या समोर असल्यासारखा दिसतोय, 1(c) म्हणजे 17(3), पगाराच्या बदल्यात मिळालेली रक्कम, नोकरी सुटताना मिळणारी भरपाई वगैरे त्यात येते. तुम्हाला तसलं काही मिळालेलं नाही. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंयत की कंपनीच्या खोलीत राहता आणि थोडंसं भाडं पगारातनं कापतात. मग हे २१,६०० त्या खोलीच्या सवलतीचे, म्हणजे 1(b), सेक्शन 17(2), पर्क्विझिट. फोटोवर एक सरळ कागदाची पट्टी धरून बघा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर धरली तरी चालते, शीर्षकाच्या ओळीला समांतर, आकडा कुठल्या ओळीचा ते लगेच कळतं. पर्क्विझिट असली की फॉर्म १६ सोबत फॉर्म 12BA म्हणून अजून एक कागद असतो, त्यात खोली, गाडी असं नावानिशी लिहिलेलं असतं. काकांनी तो पाठवलेला नाही, तेवढा मागून घ्या, म्हणजे शंका उरणार नाही.

दुसरी भानगड पुसट आकड्यांची. 1(a) समोर तुम्ही ८,१८,४०० वाचलंत, मलाही पहिल्यांदा तसंच दिसलं. पण फॉर्म १६ स्वतःच स्वतःची चूक दाखवतो, कारण ओळी एकमेकींच्या बेरीज-वजाबाकीने बांधलेल्या असतात. 1(a) अधिक 1(b) अधिक 1(c) बरोबर 1(d), आणि 1(d) तुमच्या फोटोत स्वच्छ आहे, ८,३५,०००. त्यातनं २१,६०० वजा करा, ८,१३,४०० येतात. तुमचं ८,१८,४०० धरलं तर बेरीज ८,४०,००० होते, बरोबर ५,००० जास्त. हा ५ चा फरक लक्षात ठेवा, फरक ५, ५०, ५०० किंवा ५,००० असा निघाला की कुठेतरी इंग्रजी 3 चा 8 झालेला असतो नाहीतर 8 चा 3. फरकात ६ आला तर 1 आणि 7 ची अदलाबदल, आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर दोन शेजारचे आकडे उलटे लिहिले गेलेत, जुने हिशोबनीस अजून ही ९ ची युक्ती वापरतात. मी स्वतः एकदा भावाच्या फॉर्मच्या फोटोवरून रिटर्न भरताना टीडीएसमध्ये 8 चा 3 वाचला होता, ५,००० रुपये कमी क्लेम केले आणि रिफंड आल्यावर भाऊ म्हणतो अगं एवढाच कसा, तेव्हापासून बेरीज केल्याशिवाय मी फोटोतला एक आकडा उचलत नाही.

तुमच्या पहिल्या फोटोत, पार्ट ए मध्ये, हेच परत झालंय. चार तिमाहींचा टीडीएस ६,३००, ६,३००, ६,३०० आणि शेवटचा ३,१४० दिसतो, खाली टोटल २७,०४०. पहिल्या तीनचे १८,९००, त्यात ३,१४० मिळवले तर २२,०४०, परत ५,००० ची तूट, म्हणजे शेवटचा आकडा ८,१४० आहे. बघा, जमायला लागलं.

पण त्याही आधी, फोटोच्या डोक्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक, असेसमेंट इयर २०२५-२६ आहे ना, २०२४-२५ च्या कमाईचा हिशोब त्यातच होतो. गेल्या वर्षीचा फोटो चुकून पुढे ढकलला जाणं हे ऑफिसात सर्रास होतं, आणि दिसायला दोन्ही कागद सारखेच. तुमचा बरोबर आहे. दुसरी गोष्ट, पार्ट बी च्या वरच्या बाजूला एक प्रश्न छापलेला असतो, तुम्ही 115BAC(1A) मधून बाहेर पडताय का, आणि पुढे Yes किंवा No. तुमच्यात No आहे. उलटा प्रश्न असल्यामुळे लोक गोंधळतात, No म्हणजे बाहेर पडत नाही, म्हणजे नवी रिजीम. साइटवरही प्रश्न तसाच उलटा विचारलेला असतो, नव्या रिजीममधून बाहेर पडायचंय का, तिथेही No च ठेवा. ताळा म्हणून 4(a) बघा, तिथे ७५,००० आहेत, आणि जुन्या रिजीममध्ये ते ५०,०००च असते.

आता आकडे जागेवर बसवू. साइटवर पगाराच्या भागात आधीच काही आकडे भरून आलेले असतात, ते तुमच्या ऑफिसने टीडीएसच्या स्टेटमेंटमध्ये सरकारला कळवलेले असतात. तुमच्या स्क्रीनशॉटवरून दिसतंय की तिथे आधी ८,१३,४०० होते आणि तुम्ही ते खोडून ७,६०,००० केलेत. अहो, ते बरोबर होते! भरून आलेला आकडा खोडायचा तो फोटोतल्या त्याच ओळीशी जुळत नसेल तरच, आणि खोडण्याआधी ऑफिसला विचारून.

तर 1(a) चे ८,१३,४०० साइटवर 17(1) च्या रकान्यात. 1(b) चे २१,६०० लगेच खाली 17(2) मध्ये. 17(3) मोकळा, शून्य. 1(d) चे ८,३५,००० कुठेही टाइप करायचे नाहीत, ते साइट स्वतः बेरीज करून ग्रॉस सॅलरी म्हणून दाखवते, तुम्ही फक्त जुळतंय का बघायचं. हा पहिला टप्पा. इथे ८,३५,००० दिसेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण इथे चुकलेला आकडा खाली शेवटपर्यंत चुकीचाच वाहत जातो.

दुसऱ्या ओळीत सेक्शन 10 खालच्या सूट असतात, त्यात घरभाडे भत्ता म्हणजे एचआरए येतो. तुम्ही नव्या रिजीममध्ये आहात, एचआरए मिळतही नाही, तिथे शून्यच आहे, सोडून द्या. चौथी ओळ मात्र जरा थांबून बघा. 4(a) चे ७५,००० साइट आपणहून घेते, ते हाताने कुठेही परत भरायचे नाहीत. आणि 4(c) म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, तिथे शून्य आहे, तरी तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात, वर्षाचे २,५००. तुम्ही स्क्रीनशॉटमध्ये ते २,५०० भरायचा प्रयत्न केलेला दिसतोय. नव्या रिजीममध्ये प्रोफेशनल टॅक्सची वजावट मिळत नाही, पैसे कापले गेले हे खरं असलं तरी. म्हणून ऑफिसने शून्य लिहिलंय, ते विसरलेले नाहीत.

एवढं केलंत की साइटवर पगाराचं करपात्र उत्पन्न ७,६०,००० येईल, आणि आता ते सहाव्या ओळीशी जुळवा. जुळलं की पगाराचा भाग संपला. या ७,६०,००० ला रिटर्नमध्ये एक वेगळी जागा आहे बरं का, टीडीएसच्या तक्त्यात, जिथे कंपनीचा टॅन म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, नाव, पगाराचं करपात्र उत्पन्न आणि कापलेला टॅक्स असे चार रकाने असतात, तिसऱ्या रकान्यात ते बसतं आणि चौथ्यात २७,०४०. बहुतेक वेळा हा तक्ताही भरूनच येतो. टॅन पुसट असेल तर त्याची घडण ठरलेली असते, आधी चार अक्षरं, मग पाच अंक, शेवटी एक अक्षर. तुमच्या फोटोत पाचव्या जागेवर ओ आहे की शून्य असा प्रश्न पडतो, पाचवी जागा अंकाची, तेव्हा शून्य. पॅनची घडण वेगळी, पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर.

पार्ट ए मध्ये Amount paid/credited असाही एक रकाना आहे, पगारासारखाच दिसतो आणि लोक तिथला आकडा उचलतात. तो रिटर्नमध्ये कुठेच जात नाही. तुमच्यात तो योगायोगाने 1(a) इतकाच आहे, सगळ्यांचा तसा असतोच असं नाही.

टीडीएसचा आकडा मात्र फोटोवरून घ्यायचाच नाही, ताळा म्हणून वापरायचा. खरा आकडा 26AS मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी नोंदीत. साइटवर लॉगिन करून

```
e-File > Income Tax Returns > View Form 26AS
```

इथून जा, पुढच्या साइटवर असेसमेंट इयर निवडा आणि कंपनीच्या नावासमोर कापलेला आणि जमा झालेला असे दोन्ही आकडे २७,०४० आहेत का बघा. फोटोत २७,०४० आणि 26AS मध्ये कमी असं निघालं तर रिटर्न भरायची घाई करू नका, ऑफिसला सांगा, त्यांना टीडीएसचं स्टेटमेंट दुरुस्त करून भरावं लागतं. तुमच्याकडे कितीही स्पष्ट फोटो असला तरी सिस्टीम 26AS च बघते.

आता तुमची एफडी. फॉर्म १६ मध्ये सातवी ओळ असते, पगाराशिवायचं उत्पन्न तुम्ही ऑफिसला कळवलंत तर ते तिथे येतं, तुम्ही कळवलं नाही म्हणून शून्य. पण रिटर्नमध्ये ४,२०० टाकावेच लागणार, इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस मध्ये, ठेवींचं व्याज असा पर्याय निवडून. बँकेने टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं नसतं. एआयएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाची सरकारकडे आलेली यादी, उघडलंत तर तिथे बहुतेक हे व्याज दिसेलच, बचत खात्याचं पण असेल, तेही बघून घ्या, मी खाली फक्त तुमचे ४,२०० धरलेत.

पूर्ण हिशोब असा. ७,६०,००० अधिक ४,२००, एकूण ७,६४,२००. पहिल्या ३ लाखांवर काही नाही, ३ ते ७ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आणि वरच्या ६४,२०० वर १० टक्के म्हणजे ६,४२०. झाले २६,४२०. त्यावर ४ टक्के सेस १,०५७. एकूण २७,४७७. त्यातनं टीडीएस २७,०४० गेला, उरले ४३७, दहाच्या पटीत करून ४४०. म्हणजे रिफंड राहिला बाजूला, तुम्हालाच ४४० रुपये भरायचेत. व्याज न धरता बघितलंत तर टॅक्स बरोबर २७,०४० येतो, म्हणजे ऑफिसने काटेकोर कापलाय, फॉर्म १६ मध्ये नेट टॅक्स पेएबलच्या ओळीत हाच आकडा आहे, तोही जुळवून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत पण मनात येईल म्हणून सांगते, तो रिफंड गुपचूप घेतला तर काय होईल. कदाचित खात्यात येईलही. पण ऑफिसने कळवलेला पगार सरकारकडे आहेच, पुढे जुळवणी झाली की टॅक्स आणि व्याज भरावं लागतं, वर 270A खाली कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या टॅक्सच्या ५० टक्के दंड, आणि मुद्दाम खोटं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. ज्या वाचकांनी असं चुकून आधीच सबमिट केलं असेल त्यांनी घाबरू नये, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत रिव्हाइज्ड रिटर्न भरता येतं, ते भरून टाका.

अजून एक, हे आपल्या भागातल्या नोकरदारांना हटकून विचारावं लागतं. घरची हापूसची कलमं किंवा काजू आहेत का, आणि सातबारा कुणाच्या नावावर? वडिलांच्या नावावर असेल आणि पैसे त्यांच्याकडेच जात असतील तर तुमचा प्रश्न नाही. पण तुमच्या स्वतःच्या नावावर बाग असेल आणि वर्षाचं शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं असेल तर तुम्ही उघडलेला ITR-1 हा फॉर्मच चालत नाही, ITR-2 घ्यावा लागतो. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो हे खरं, पण नोकरीच्या उत्पन्नाचा दर काढताना ते मोजलं जातं आणि वरचा माझा हिशोब मग बदलेल. चार पेट्या आंबे विकले तरी ५,००० होतात, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका.

४४० भरायला शेवटच्या पानावर Pay Now येतं, तिथून जा, प्रकार Self Assessment Tax, कोड 300. पैसे गेले की चलनाचा बीएसआर कोड, तारीख आणि नंबर रिटर्नमध्ये आलाय ना ते बघा, नसेल तर हाताने भरा, मग बाकी शून्य दिसेल आणि सबमिट करा. यंदा मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवलेली आहे. चतुर्थी २७ ऑगस्टला, तेव्हा काकांचं गणपतीनंतरचं पीडीएफ हातात पडायला वेळ तसा आहे, पण २६ तारखेला ते गावी पळायच्या आधी त्यांना सांगा की पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, परत फोटो नको, आणि 12BA विसरू नका.